यकृतातील गळू : दुसरे औषध विसरू नका



समजा, पिंपळनेर शिवारातल्या चाळिशीच्या शेतकऱ्याला पावसाळ्यात आव पडली, आणि थांबलीही. दोन महिन्यांनी थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली ठणका, खोल श्वास घेतला की उजव्या खांद्यात कळ. हा हिवतापच, असे धरून बसू नये. दूषित पाण्यातून आलेला अमीबा आतड्यातून रक्तावाटे यकृतात जाऊन गळू करतो.

या वेळी शौचाच्या तपासणीत अमीबा बहुधा सापडत नाही. गळू सोनोग्राफीत दिसते. रक्ततपासणीने कारण पक्के होते.

डॉक्टर मोठ्या माणसाला बहुधा मेट्रोनिडॅझोल ८०० मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा, ७ ते १० दिवस देतात. या काळात दारू वर्ज्य. तीन-चार दिवसांत ताप उतरू लागतो. न उतरल्यास, किंवा गळू फुटण्याची भीती असल्यास, सुईने पू काढतात.

बरे वाटले की आपण औषध सोडतो, आणि घोटाळा इथेच होतो. यकृतातला अमीबा मेला तरी आतड्यातला उरतो. त्यासाठी पुढे डायलोक्सॅनाइड फ्युरोएट ५०० मि.ग्रॅ. तीनदा, १० दिवस घ्यावे लागते. ते राहिले तर गळू पुन्हा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांना आम्ही सांगतो तसे विचारा : “आतड्याचं औषध लिहिलं का?”