कार्बनचे इनलाइन घेण्याआधी मुलीचा घोटा बघा

शाळा सुरू झाल्या की जुलैपर्यंत माझ्याकडे स्केटिंगबद्दल एकच प्रश्न येत राहतो. काळाचौकी, लालबाग, परळ, शिवडी, पालक कुठलेही असोत, शब्द तेच असतात. "सर, आठ वर्षांची आहे, क्लासमध्ये पहिली येते. चांगले इनलाइन घेऊन टाकू का? पुढे पाच टक्के आरक्षणात उपयोग होईल ना?"

यंदा त्यात आनंदकुमार वेलकुमारचं नाव आलं आहे. चेन्नईच्या या मुलाने सप्टेंबर 2025 मध्ये चीनमधल्या बेइदाइहे इथे स्पीड स्केटिंगच्या जागतिक अजिंक्यपदात 1000 मीटर स्प्रिंटचं सुवर्ण जिंकलं आणि 42 किलोमीटरच्या मॅरेथॉनचंही. कामगिरी मोठीच आहे. पण ती बघून तिसरीतल्या मुलीच्या पायात 110 मिलिमीटरची चार चाकं बसवायची, हा निर्णय चुकीचा आहे. तो कसा चुकतो ते समजायला आधी प्रकार नीट कळले पाहिजेत.

शर्यतीत स्केट्स दोन मुख्य प्रकारचे असतात. क्वाडमध्ये पुढे दोन आणि मागे दोन चाकं, म्हणजे पायाखाली रुंद बैठक मिळते. इनलाइनमध्ये तीन किंवा चार चाकं एका रेषेत. क्वाड आणि इनलाइनच्या शर्यती वेगळ्या होतात आणि मुलाला एका स्पर्धेत त्यातला एकच प्रकार निवडावा लागतो. शिकाऊ मुलांचे लहान-मोठे करता येणारे स्केट्स आणि साधे फिटनेस इनलाइन यांच्यासाठी बऱ्याच स्थानिक स्पर्धांत वेगळे गट ठेवतात. त्यामुळे फॉर्म भरताना फक्त "इनलाइन" लिहू नका. कोणतं इनलाइन, ते विचारा. फिटनेस इनलाइनवरची मुलगी व्यावसायिक इनलाइनच्या गटात गेली, तर तिची शर्यत सुरू होण्याआधीच संपलेली असते.

वयोगटांचा घोळ दर वर्षी होतो. शालेय स्पर्धा 11, 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा गटांत होतात आणि जन्मतारीख 1 जानेवारीपासून मोजतात. 2025-26 च्या हंगामात 14 वर्षांखालील गटासाठी जन्म 1 जानेवारी 2012 किंवा त्यानंतरचा लागत होता. म्हणजे 28 डिसेंबर 2011 ला जन्मलेला मुलगा थेट 17 खाली गेला आणि त्याच वर्गातला, आठवड्याने लहान असलेला मित्र 14 मध्ये राहिला. रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या रचनेत गट वेगळे पडतात. शाळेच्या स्पर्धेतला गट तिथे लागू होईल असं धरू नका. प्रत्येक स्पर्धेचं परिपत्रक मागून घ्या आणि जन्मदाखला समोर ठेवून वाचा. आणखी एक गोष्ट, काळाचौकी मुंबई शहर जिल्ह्यात येते. शाळा शहरात असेल तर प्रवेशिका मुंबई शहराकडूनच जाते. क्लास उपनगरात आहे म्हणून उपनगराकडून खेळवतो, असं कोणी सांगितलं तर आधी शाळेच्या क्रीडा शिक्षकांशी बोला.

शर्यतींचे प्रकार लवकर सांगून टाकतो. शालेय पातळीवर 500 आणि 1000 मीटर हेच आकडे जास्त ऐकू येतील. मोठ्यांमध्ये पॉइंट्स, रिले आणि एलिमिनेशन येतात. एलिमिनेशनमध्ये ठरावीक फेऱ्यांनंतर रेषेवर शेवटचा येणारा बाद होतो. इथे पालक प्रेक्षकांतून भांडतात, कारण त्यांना नियम ठाऊक नसतो. अंतिम रेषेवर जिंकणारा ठरतो पुढच्या स्केटच्या टोकावर, तर एलिमिनेशनमध्ये बाद होणारा ठरतो त्याच्या मागच्या स्केटवर. छाती किंवा डोकं कुठे होतं याला काहीही अर्थ नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या 3000 मीटर रिलेत दक्षिण कोरियाच्या शेवटच्या स्केटरने रेषेआधीच हात वर केले, तैवानच्या स्केटरने पाय पुढे सरकवला आणि सुवर्ण एक शतांश सेकंदाने तैवानला गेलं. त्याच शर्यतीचं कांस्य भारताने मिळवलं. तो चौघांचा संघ होता: आर्यनपाल सिंग घुमन, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे.

आता त्या आठ वर्षांच्या मुलीकडे येऊ. अभ्युदय नगरातल्या एका कुटुंबाने मला त्यांच्या याच वयाच्या मुलीबद्दल विचारलं होतं. पसंत केलेले शर्यतीचे इनलाइन त्यांनी सोबत आणले होते. बूट दोन साइझ मोठे होते, कारण "पुढच्या वर्षीही होतील". मी मुलीला बूट घालून, लेस बांधून, गुडघे वाकवून उभं राहायला सांगितलं. टाच आतून उचलली जात होती आणि दोन्ही घोटे आत झुकले होते. बघायचं ते इतकंच आहे. मागून बघा. पोटरीपासून टाचेपर्यंत रेषा सरळ हवी. घोटा आत पडत असेल तर चाकाची धार आत कलते, प्रत्येक वेळी ढकलण्याची ताकद वाया जाते आणि मूल पाय न ढकलता नुसतं चालत राहतं. शर्यतीचा बूट आखूड असतो, तो घोट्याला आधार देत नाही. सगळा भार मुलीच्या स्वतःच्या स्नायूंवर येतो.

वर्ल्ड स्केटच्या नियमांत ट्रॅकवर मोठ्या खेळाडूंसाठीही चाकाची कमाल मर्यादा 110 मिलिमीटर आहे. 125 ची चाकं मॅरेथॉनसाठी. युरोपात अनेक स्पर्धांत लहान गटांना यापेक्षा लहान चाकांवरच धावावं लागतं. कारण साधं आहे. चाक मोठं झालं की पाय जमिनीपासून उंच जातो आणि तोल सांभाळणं अवघड होतं. मोठं चाक सुरू करायला जोरही जास्त लागतो. लहान मुलीला सुरुवातीच्या वीस मीटरमध्येच ते जड जातं, आणि 500 मीटरमध्ये सुरुवातच बरंच काही ठरवते.

मी त्यांना क्वाडवर राहायला सांगितलं. पालकांना हे आवडत नाही. "क्वाडला भविष्य नाही", असं सगळे म्हणतात. मोठ्या गटापुरतं ते खरं आहे, कारण जागतिक आणि आशियाई पातळीवर स्पीडच्या शर्यती इनलाइनवरच होतात. पण आठव्या वर्षी प्रश्न जागतिक पातळीचा नसतो. शालेय स्पर्धेत क्वाड आहे, जिल्हा आणि राज्य पातळीवर क्वाड आहे. वळणावर वजन आतल्या बाजूला झुकवणं, पाय ओलांडून टाकणं आणि दोन्ही पायांनी थांबणं हे क्वाडवर शांतपणे शिकता येतं. घोटा सरळ राहू लागला, मूल एका पायावर तोल धरून लांब सरकू लागलं, की दहा-अकरा वर्षांच्या आसपास इनलाइनवर जायला वेळ आहे. त्या मुलीचे बूट परत गेले. तिच्या मापाचे क्वाड आणि एक चांगलं हेल्मेट आलं, तरी पैसे उरले.

हेल्मेटच्या नियमात सूट नाही. वर्ल्ड स्केटच्या नियमांप्रमाणे कडक कवचाचं हेल्मेट शर्यतीत आणि अधिकृत सरावातही डोक्यावर आणि पट्टा लावूनच हवं. मुंबईत तीन प्रकार डोळ्यांसमोर येतात. खेळण्याच्या किटमधलं आतून नुसता पातळ स्पंज असलेलं हेल्मेट, वडिलांचं मोटारसायकलचं हेल्मेट आणि सायकलचं हेल्मेट. पहिलं फेकून द्या. दुसरं मानेला जड आहे. तिसऱ्यावर EN 1078 अशी खूण असेल तर ते घ्या, हे मानक सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट तिन्हींसाठी आहे. भुवईच्या वर दोन बोटं जागा राहिली पाहिजे. कानाखाली दोन्ही पट्टे इंग्रजी V सारखे जुळले पाहिजेत आणि हनुवटीखाली एक बोट जाईल इतकंच सैल हवं. जोरात पडल्यावर आतला फेस दबतो आणि पुन्हा फुगत नाही. बाहेरून चांगलं दिसलं तरी ते हेल्मेट बदला.

मला खरी चिंता मनगटाची आहे. 1996 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इनलाइन स्केटिंगच्या दुखापतींवर एक अभ्यास आला. त्यात मनगट हे सर्वाधिक जखमी होणारं अंग होतं, आणि मनगटाचे गार्ड न घालणाऱ्यांत ही दुखापत होण्याची शक्यता घालणाऱ्यांपेक्षा सुमारे दहापट आढळली. गार्डच्या तळहाताकडच्या बाजूला कडक प्लास्टिकची पट्टी असते. मूल पुढे पडलं की हात रुतण्याऐवजी सरकतो आणि हाडावर येणारा भार विखुरतो. मोठे स्पर्धक शर्यतीत फक्त ग्लोव्ह्ज घालतात, कारण ते वेगात पडून सरकायला शिकलेले असतात. आठ वर्षांची मुलगी ते शिकलेली नाही.

तरीही दर हंगामात मी बघतो, स्पर्धेच्या सकाळी काही वडील स्वतःच्या हाताने मुलांचे गार्ड काढतात. "हलकं वाटेल, वेग येईल", असं म्हणतात. वेग गार्डने जात नाही, तो घोट्याने आणि सरावाने येतो. गुडघा, कोपर आणि तळहाताचे गार्ड कुठल्या गटाला सक्तीचे आहेत ते परिपत्रकात लिहिलेलं असतं. सक्ती नसली तरी अकरा वर्षांखालच्या मुलाचे गार्ड काढू नका. पाठीवरची पिशवी उघडून स्पर्धेच्या आदल्या रात्री चाकांचे नट, बेअरिंग आणि पट्टे तपासा. बेअरिंगमध्ये वाळू गेली असेल तर चाक बोटाने फिरवल्यावर खरखर ऐकू येते.

राहिलं आरक्षण. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत, हे खरं. पण प्रमाणपत्र विभागीय उपसंचालक, क्रीडा यांच्याकडे पडताळणीला जातं आणि पात्र ठरायला स्पर्धा मान्यताप्राप्त लागते. ओळखायची खूण सोपी आहे. जिल्हा निवड न होता, राज्य संघात नाव न येता, फी भरून थेट "नॅशनल"ला नेत असतील, तर त्या पदकाचा नोकरीला उपयोग नाही. चोवीस तास मुलांना फिरवून केलेल्या विक्रमांच्या प्रमाणपत्रांचंही तेच. दुसरीतल्या मुलाच्या पदकावर वीस वर्षांनंतरची नोकरी उभी करू नका. ते ओझं त्या मुलाला जाणवतं आणि हरल्यावर ते घरी यायला घाबरतं. अशी मुलं मी पाहिली आहेत.

पुढच्या आठवड्यात प्रवेशिका भरायच्या असतील, तर आधी मुलाला उभं करून मागून घोटे बघा, मग परिपत्रकातली जन्मतारखेची ओळ वाचा आणि बूट शेवटी घ्या.