नळातील शेणकाला : बिंगहॅम द्रव्याचा गाभाप्रवाह

प्रास्ताविक

विज्ञानविषयक मराठी गद्याच्या अभ्यासात आपण आतापर्यंत वर्णनपर उतारे पाहिले. या पाठात एक पायरी पुढे जाऊन गणिती युक्तिवाद मराठीत कसा मांडला जातो हे पाहावयाचे आहे. त्यासाठी निवडलेला विषय ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. बारामती-इंदापूरकडे, पिंपळीसारख्या गावांतून, उसाच्या जोडीला दुभती जनावरे असतात आणि काही गोठ्यांशेजारी गोबरगॅसचे संयंत्र असते. शेण आणि पाणी टाकीत कालवून झालेला शेणकाला नळातून पाचकविहिरीत सोडतात. कधी तो सुरळीत उतरतो, तर कधी टाकी अर्धी रिकामी होते आणि काला जागच्या जागी थांबतो. नळात बोळा अडकलेला नसतो, उतारही तोच असतो. मग तो थांबतो का?

पाणी असे कधीच थांबत नाही. कितीही थोडा उतार असला, तरी ते सावकाश का होईना वाहत राहते. याउलट शेणकाला, चिखल, चुन्याची लेप, दंतमंजनाची पेस्ट या पदार्थांना थोडा जोर लावला तर ते घन पदार्थासारखे तटून राहतात आणि जोर एका मर्यादेपलीकडे गेला की द्रवासारखे वाहू लागतात. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ युजीन बिंगहॅम यांनी १९१६ साली चिकणमातीच्या मिश्रणांवरील प्रयोगांतून या वर्तनाचा नियम मांडला. १९१९ मध्ये त्यांनी आणि हेन्री ग्रीन यांनी रंगालेपही याच जातीचा असल्याचे दाखवले. अशा पदार्थाला बिंगहॅम द्रव्य म्हणतात. प्रवाहीपणाच्या या शास्त्राचे ‘ऱ्हिऑलॉजी’ हे नावही बिंगहॅम यांच्या पुढाकाराने रूढ झाले. त्यातील ‘वाहणे’ या अर्थाचा ग्रीक धातू आणि आपल्या ‘स्राव’, ‘स्रोत’ या शब्दांतील ‘स्रु’ हा संस्कृत धातू एकाच मूळ रूपातून आलेले आहेत, हे भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

द्रव्याचा एक थर शेजारच्या थरावरून घसरताना दर चौरस मीटरमागे जो विरोध होतो, त्याला कर्तन-ताण म्हणतात. तो पास्कलमध्ये मोजतात. ज्या ताणाखाली थर घसरतच नाहीत, त्याला इंजिनिअर ‘यील्ड स्ट्रेस’ म्हणतात. त्यासाठी आपण ‘उंबरठा-ताण’ हा शब्द वापरू, कारण ओलांडल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही हा अर्थ त्यात आपसूक येतो. उंबरठा ओलांडल्यावर घसरण किती वेगाने वाढेल, हे द्रव्याच्या श्यानतेवर, म्हणजे दाटपणावर, ठरते.

गाभ्याची त्रिज्या

नळाची लांबी L, आतील त्रिज्या R आणि दोन टोकांमधील दाबाचा फरक ΔP मानू. नळाच्या मध्यावर r त्रिज्येची एक काल्पनिक कांडी डोळ्यांपुढे आणा. तिला पुढे ढकलणारे बल म्हणजे दाबाचा फरक गुणिले कांडीच्या तोंडाचे क्षेत्रफळ. तिला मागे धरणारे बल म्हणजे ताण गुणिले तिच्या बाजूचे क्षेत्रफळ. प्रवाह स्थिर असेल तर ही दोन्ही बले समान असतात.

ΔP × πr² = τ × 2πrL

म्हणून

τ = ΔP r / 2L

या ओळीत सगळ्या पाठाचे मर्म आहे. ताण नळाच्या मध्यावर शून्य असतो आणि भिंतीकडे जाताना अंतराच्या प्रमाणात वाढत जाऊन भिंतीपाशी सर्वांत जास्त होतो. विशेष म्हणजे, या समीकरणात पदार्थाचे नावसुद्धा आलेले नाही. ते पाण्यालाही लागू आहे आणि शेणकाल्यालाही.

पदार्थ येतो तो पुढच्या पायरीत. ताण उंबरठ्याइतका, म्हणजे τ₀ इतका, होण्याचे अंतर r₀ मानले तर

r₀ = 2Lτ₀ / ΔP

या अंतराच्या आत ताण उंबरठ्याखाली आहे, तेव्हा तेथे थर एकमेकांवरून घसरत नाहीत. मधला सगळा भाग एका घन दांड्यासारखा अखंड पुढे सरकतो. हाच गाभा. घसरण होते ती गाभा आणि भिंत यांमधल्या कड्यात. तिथे वेग गाभ्याच्या वेगापासून उतरत भिंतीपाशी शून्य होतो. गाभ्याच्या त्रिज्येच्या सूत्रात नळाची त्रिज्या R आलेली नाही, हे नजरेतून सुटू देऊ नका. त्याचे महत्त्व पुढे कळेल.

r₀ जर R एवढी झाली, तर घसरण्यासाठी कडेच उरत नाही. सारा नळ म्हणजेच गाभा होतो आणि प्रवाह थांबतो. टाकीतला काला थांबतो तो याच कारणाने.

किती वाहते

कड्यातील वेगाची बेरीज करून गाभ्याचा वेग u₀ आणि दर सेकंदाला वाहणारे आकारमान Q मिळते. ही बेरीज कलनशास्त्राने होते. आपण केवळ निष्पत्ती घेऊ.

u₀ = ΔP (R − r₀)² / 4μL

Q = (πR⁴ΔP / 8μL) × [1 − (4/3)φ + (1/3)φ⁴]

येथे φ = r₀/R आणि μ म्हणजे उंबरठा ओलांडल्यानंतरची श्यानता. दुसरे सूत्र एडगर बकिंगहॅम यांनी १९२१ मध्ये दिले. मार्कुस रायनर यांचेही नाव त्याला जोडलेले आहे. चौकटी कंसाबाहेरचा भाग हा तेवढ्याच श्यानतेच्या साध्या द्रवाचा प्रवाह आहे. त्यातून गाभ्यामुळे किती उरते, हे कंस सांगतो. φ शून्य असेल तर कंस एक होतो. φ एक असेल तर कंस शून्य होतो. ही पडताळणी स्वतः करून पाहावी. सूत्र पाठ करण्यापेक्षा ती अधिक उपयोगी आहे.

एका गोठ्याचे उदाहरण

पिंपळीतील एका काल्पनिक गोठ्याचा हिशेब मांडू. टाकीत रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी कालवले जाते. गोठा संयंत्रापासून दूर असल्याने नळ १२ मीटर लांब आहे आणि त्याचा आतील व्यास १० सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या ५ सेंटिमीटर आहे. भरलेल्या टाकीतील पातळी पाचकविहिरीच्या पातळीपेक्षा ६० सेंटिमीटर उंच आहे. टाकीत काल्याची खोली ३० सेंटिमीटर आहे, म्हणजे टाकी रिकामी होत आली तरी ३० सेंटिमीटर उंची शिल्लक राहते. काल्याची घनता पाण्याएवढी धरली तर ६० सेंटिमीटर उंचीचा दाब सुमारे ६००० पास्कल होतो. श्यानता ०.२ पास्कल-सेकंद आणि उंबरठा-ताण ५ पास्कल मानू.

r₀ = 2 × 12 × 5 / 6000 = 0.02 m

गाभ्याची त्रिज्या २ सेंटिमीटर झाली आणि φ = ०.४. कंसाची किंमत सुमारे ०.४७५ येते. कंसाबाहेरचा भाग सेकंदाला ६.१४ लिटर आहे. म्हणून प्रवाह सेकंदाला सुमारे २.९ लिटर. गाभा सेकंदाला ५६ सेंटिमीटर वेगाने सरकतो. काम सुरळीत चालते.

आता एखाद्या दिवशी पाणी कमी पडले आणि काला दाट झाला. उंबरठा-ताण दुप्पट, १० पास्कल झाला असे समजा. श्यानताही वाढेल, पण एकाच गोष्टीचा परिणाम दिसावा म्हणून ती तीच ठेवू. गाभा ४ सेंटिमीटर त्रिज्येचा होतो, φ = ०.८, आणि कंस ०.०७ वर येतो. प्रवाह सेकंदाला सुमारे ०.४३ लिटर. उंबरठा दुप्पट झाला आणि प्रवाह जवळजवळ सातपटीने घटला.

आणि हा केवळ आरंभीचा प्रवाह आहे. टाकीतील पातळी उतरेल तसा दाब कमी होईल, दाब कमी होईल तसा गाभा फुगेल. तो भिंतीला टेकतो तेव्हाची उंची अशी काढता येते :

h = 2Lτ₀ / (ρgR)

आपल्या दाट काल्यासाठी ही उंची ४८ सेंटिमीटर येते. म्हणजे ६० सेंटिमीटरपैकी ४८ नुसता उंबरठा गाठण्यात खर्ची पडतात. टाकीतील पातळी १२ सेंटिमीटर उतरते आणि १८ सेंटिमीटर काला तसाच बसून राहतो. पातळ काल्यासाठी हीच उंची २४ सेंटिमीटर होती. ती टाकीच्या तळाखाली असल्यामुळे टाकी पूर्ण रिकामी होत होती. यावरून निदान करता येते. पातळी रोज हळूहळू एकाच ठिकाणी येऊन थांबत असेल तर दोष उंबरठ्याचा आहे. ती सुरुवातीलाच अचानक अडली, तर नळात कडबा किंवा दगड अडकला असण्याची शक्यता अधिक. शिवाय थांबलेली उंची मोजून हेच सूत्र उलटे चालवले की कोणत्याही उपकरणाशिवाय उंबरठा-ताण मिळतो.

उपाय कोणता? पहिला हात पाण्याकडे जातो. पण संयंत्राचा आकार रोज १०० लिटर आणि सुमारे ४० दिवस मुक्काम या हिशेबाने, म्हणजे ४००० लिटरचा असेल, तर २५ लिटर जादा पाण्याने मुक्काम ३२ दिवसांवर येतो आणि शेण पुरते कुजण्याआधीच बाहेर पडते. अवर्षणाच्या वर्षी ते पाणीही सहज मिळत नाही. माझ्या मते नळ बदलणे हा अधिक पक्का उपाय आहे. व्यास १५ सेंटिमीटर केला तर गाभा ४ सेंटिमीटरच राहतो, कारण त्याच्या सूत्रात R नाही. भिंत मात्र दूर जाते. φ ०.५३ वर येतो आणि त्याच दाट काल्याचा प्रवाह सेकंदाला सुमारे ९.८ लिटर, म्हणजे तेवीसपट होतो. साध्या द्रवाच्या बाबतीत हीच वाढ पाचपट असती.

हिशेबाच्या मर्यादा

शेणकाला तंतोतंत बिंगहॅम द्रव्य नसतो. घसरण वाढेल तशी त्याची श्यानता थोडी उतरते, तेव्हा वरील प्रवाहाचे आकडे अदमासाचे समजावेत. उंबरठ्याविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. आपल्या १० सेंटिमीटरच्या नळात सुमारे ९४ लिटर काला मावतो. म्हणजे आज टाकीत ओतलेला काला नळातला कालचा काला पुढे ढकलतो. रात्रभर निवांत राहिलेल्या काल्यातील तंतू आणि कण एकमेकांत गुंततात आणि त्याचा उंबरठा ताज्या काल्यापेक्षा वाढतो. म्हणून वाहता वाहता जिथे पातळी थांबते, त्याहून जास्त उंची दुसऱ्या दिवशी सुरुवात करायला लागते. रुंद नळात हे साठवणही वाढते, हे मान्य केले पाहिजे. गोठा आणि संयंत्र यांतील अंतर कमी करता आले, तर गाभा आणि साठवण दोन्ही एकदम घटतात.

स्वयंअध्ययन प्रश्न

१. वरील दाट काला (उंबरठा-ताण १० पास्कल) त्याच १० सेंटिमीटर व्यासाच्या, पण ६ मीटर लांबीच्या नळातून ६० सेंटिमीटर उंचीवरून सोडला, तर गाभ्याची त्रिज्या, प्रवाह आणि थांबण्याची उंची काढा. टाकी पूर्ण रिकामी होईल का?

२. ‘गाभा’, ‘उंबरठा’, ‘कडे’ या रोजच्या शब्दांना या पाठात कोणता नेमका अर्थ दिला आहे, ते प्रत्येकी एका वाक्यात लिहा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : गाभ्याची त्रिज्या २ सेंटिमीटर, प्रवाह सेकंदाला सुमारे ५.८ लिटर, थांबण्याची उंची २४ सेंटिमीटर. टाकी पूर्ण रिकामी होईल.