स्थळाचा पहिला निरोप

तुझ्या लेकासाठी बंगळुरूचं स्थळ सुचवलंय आणि निरोप तूच लिहिणार आहेस, हे ऐकून बरं वाटलं. माणसं मूळची संगमनेरची, वडील नोकरीनिमित्त तिकडे गेले आणि तिथेच स्थायिक झाले. मुलगी आणि तिचा भाऊ तिथे वाढलेले. ते दोघं घरात मराठी बोलतात, पण देवनागरीचं पान समोर आलं की अडखळतात. तुझा निरोप वडील मराठीत वाचतील आणि मुलगी इंग्रजीत, हे आधी मनात पक्कं कर. होकार-नकार तिचा असणार, म्हणून इंग्रजी भाग शेपूट समजून घाईत उरकू नकोस.

लिहायच्या आधी तीन गोष्टी. लेकाला विचार, आणि ‘तुम्ही बघा’ एवढ्या उत्तरावर थांबू नकोस. ज्यांनी स्थळ सुचवलं त्या मध्यस्थांना फोन करून त्यांचं नाव लिहायची परवानगी घे, आणि निरोप येतोय हे त्यांनीच तिकडे आधी सांगावं असं बघ. तिसरं, कुळी आणि देवक. आडनावं वेगळी असूनही कुळी एकच निघते, तर कधी आडनाव एक आणि कुळी वेगळी. तुमच्या सासूबाई हे मानतात, तेव्हा आजच विचारून घे. भेट झाल्यावर, मुलांचं मन गुंतल्यावर हे निघालं तर दोन्ही घरांना जड जातं.

आता मायना. आई-वडील दोघंही आहेत, तर दोघांच्या नावे लिही. आपल्याकडे ‘भाऊसाहेब’ म्हणण्यात मान आहे, तो बंगळुरूतही चालेल. उलट गावाकडचा शब्द कानावर पडला की माणूस सैल होतो. ‘साष्टांग नमस्कार’ ओळखीच्या वडीलधाऱ्यांना ठीक, इथे ‘सप्रेम नमस्कार’ पुरे. एखाद्या घरी वडील हयात नसतील तर आईंना ‘श्रीमती’ लिहावं, ‘गं. भा.’ आता लिहू नये. सबंध निरोपात ‘आपण’ ठेव. ‘मुलगी पाहायला येतो’ असं चुकूनही लिहू नकोस, ‘दोघांची भेट व्हावी’ असं लिही. आणि खाली सही तुम्हा नवरा-बायकोची, दोघांची असू दे.

खरा घोळ होतो तो माहितीत, आणि त्यातही शेतीच्या आकड्यात. तुमची जमीन ४ एकर २० गुंठे. बरेच जण ते ‘४.२० एकर’ असं लिहितात. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे २० गुंठे हा अर्धा एकर. पण बंगळुरूची पोरगी ४.२० हे दशांशात वाचणार, तिच्या हिशेबी जमीन ४ एकर ८ गुंठे. सातबाऱ्यावर हेच क्षेत्र हेक्टर-आरमध्ये साधारण १.८२ दिसतं. उद्या तिच्या भावाने सातबारा ऑनलाइन काढला, तर एका जमिनीचे तीन आकडे त्याच्यापुढे येतील आणि मनात शंका बसेल. म्हणून मराठीत ‘४ एकर २० गुंठे’ आणि इंग्रजीत ‘साडेचार एकर, म्हणजे सुमारे १.८२ हेक्टर’ असं लिही.

शिवाय ती जमीन तुझ्या दिरासह सामाईक आहे. वाटणीला २ एकर १० गुंठे येणार, तेही लिही. तुमच्या राहुरीची माहिती संगमनेरला पोचायला दोन फोन पुरतात. कुणाचा मावसभाऊ कारखान्यात असतो, कुणाची नणंद शेजारच्या वाडीत दिलेली असते. चौकशीत जे निघणारच आहे, ते आपल्याच हाताने लिहिलेलं असलं म्हणजे चौकशी आपल्या बाजूने बोलते. पाण्याचंही तसंच. ‘मुळा उजव्या कालव्यावर’ म्हटलं की भाऊसाहेब लगेच समजतील, कारण आवर्तन म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. मुलीला मात्र ‘धरणाच्या कालव्याचं पाणी, शिवाय विहीर’ असं उलगडून सांगायला हवं.

पगाराचं असंच. कंपनीच्या पत्रावर वर्षाचं पॅकेज ९ लाख आहे, पण त्यात भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, वर्षाअखेरचा बोनस सगळं धरलेलं असतं. लेकाच्या खात्यात महिन्याला ६२ हजार पडतात. तोच आकडा दोन्ही भाषांत दे. मराठीत हातातला पगार आणि इंग्रजीत पॅकेज असं झालं, तर बाप-लेकी एकाच टेबलावर वाचताना दोन वेगळी घरं वाचतील. उंची ‘५.७’ लिहू नकोस, ५ फूट ७ इंच लिही. जन्मतारखेत महिना अक्षरांत हवा. मुलीची आत्या अमेरिकेत असते, तिथे महिना आधी लिहितात, म्हणून ७/८/१९९६ ती ८ जुलै वाचेल.

जिल्ह्याचं नावही दोन्ही लिही, ‘अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर’. नाव २०२४ मध्ये बदललं, पण लेकाच्या जुन्या कागदांवर, दाखल्यांवर आधीचंच आहे. पडताळणी करणाऱ्याला ते दोन वेगळे जिल्हे वाटायला नकोत.

मी लिहिला असता तो मजकूर असा:

माननीय श्री. भाऊसाहेब व सौ. वहिनी यांना सप्रेम नमस्कार.
संगमनेरचे आपले मेहुणे श्री. अमुक यांच्याकडून आपल्या कन्येविषयी समजले. त्यांच्या संमतीने हे लिहीत आहोत. आमचा मुलगा चि. अमुक याच्या स्थळाचा आपण विचार करावा, ही विनंती.
त्याचा जन्म ७ ऑगस्ट १९९६ चा, उंची ५ फूट ७ इंच. शिक्षण बी. ई. मेकॅनिकल. चाकणला नोकरी, हातात येणारा पगार महिना ६२ हजार. पुण्यात भाड्याच्या घरात राहतो.
आम्ही राहुरी तालुक्यातले, जिल्हा अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर. घरी आम्ही दोघे, त्याची आजी आणि बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली धाकटी बहीण. शेती ४ एकर २० गुंठे, मुळा उजव्या कालव्यावर, शिवाय विहीर, मुलाच्या काकांसह सामाईक. आमच्या वाटणीची २ एकर १० गुंठे. मुलाचे आजोळ कोपरगाव तालुक्यात.
लग्नानंतर नोकरी आणि राहण्याचे ठिकाण दोघांनी मिळून ठरवावे, असे आमचे मत आहे. आम्ही पत्रिका पाहत नाही. आपण पाहत असाल तर पाठवू. हुंडा, वस्तू, सोने काही अपेक्षित नाही. लग्नाचा खर्च निम्मा-निम्मा करू.
आपल्या कन्येला व चिरंजीवांना वाचायला सोपे जावे म्हणून हीच माहिती इंग्रजीत सोबत देत आहोत. आपण सवडीने विचार करावा. योग नसल्यास मेहुण्यांकडे निरोप दिला तरी पुरे, स्नेहात काही कमी होणार नाही.
कळावे, लोभ असावा.

यातलं हुंड्याचं वाक्य बघ. ‘मानपान यथायोग्य’, ‘लग्न दोन्हीकडच्या इतमामाला शोभेल असं’ असली गोल वाक्यं आपल्या भागात मागणीच समजली जातात, आणि ती तशी समजणाऱ्याचं काही चुकत नाही. १९६१ च्या कायद्याने नुसती मागणी करणं हाही गुन्हा आहे. घरात सगळ्यांचं एकमत झालं असेल तरच हे वाक्य घाल. एखाद्या काकांच्या मनात अजून ‘गाडी’ असेल, तर आधी काकांशी बोल आणि मग लिही.

पहिलं लग्न झालेलं असेल, तर ते पहिल्याच निरोपात यायला हवं. तुझ्या लेकाचा तो प्रश्न नाही, पण पुढे धाकटीसाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी लिहिशील तेव्हा ध्यानात ठेव. कायमचं औषध चालू असेल तर ते पहिल्या भेटीत, सुपारी फुटायच्या कितीतरी आधी, तोंडाने सांगावं. ते कागदावर घालून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नये. अशी मोठी गोष्ट लपवून झालेलं लग्न १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कोर्टातून रद्द करून मागता येतं.

इंग्रजी भाग लेकाने स्वतः लिहावा, तू फक्त आकडे मराठीशी ताडून बघ. सहा-सात वाक्यं पुरेत. पहिल्या वाक्यात कुणामार्फत संपर्क केला ते. दुसऱ्यात वय, शिक्षण, काम, हातातला पगार. तिसऱ्यात घरातली माणसं. चौथ्यात गाव आणि शेती, सामाईकपणासकट. पाचव्यात लग्नानंतरच्या नोकरीबद्दल आणि राहण्याबद्दल आपलं मत, सहाव्यात हुंडा नाही आणि खर्च निम्मा. शेवटी, ‘प्लीज टेक युअर टाइम, अँड अ नो इज परफेक्टली ऑल राइट’ एवढंच. मराठीतला नमस्कार, लोभ, विनंती इंग्रजीत शब्दशः आणू नका, तिथे ते अवघडलेलं दिसतं. आदर मराठीने दाखवलाय. ‘चि.’ आणि ‘सौ.’ही तिथे नकोत. मामा-काका दोघांना नुसतं ‘अंकल’ म्हणू नका, आईकडचे की वडिलांकडचे ते लिहा. आणि मुलीला उद्देशून काही नको. निरोप आई-वडिलांना आहे, ती तो वाचणार आहे, इतकं अंतर पहिल्या वेळी राहू दे.

पाठवताना मराठी एक संदेश आणि इंग्रजी त्याच्या लगेच खाली दुसरा, वेगळा. म्हणजे वडिलांना इंग्रजीचा तेवढा तुकडा मुलीला किंवा आत्याला पुढे पाठवता येतो. फोटो एकच, अलीकडचा, साध्या कपड्यातला. त्यांच्याकडे मुलीचा फोटो मागू नकोस. त्यांना विचार करावासा वाटला की ते आपणहून पाठवतील. तो आला की तुमच्या भावकीच्या ग्रुपवर टाकायचा नाही, आणि जुळलं नाही तर सगळ्यांच्या फोनमधून काढायचा. पितृपक्ष संपल्यावर पाठव. तुला पटो न पटो, त्यांच्या घरातल्या आजीला पटायला हवं.

मग पंधरा दिवस गप्प बसायचं. दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणून ‘वाचलंत का’ असं विचारायचं नाही. पंधरा दिवसांनंतर विचारायचं ते मध्यस्थांना. ‘मुलीला अजून पुढे शिकायचंय’, ‘दिवाळीनंतर बघू’, ‘पत्रिका जुळत नाही’ यातलं काहीही आलं तर तो नकार समज. दुसऱ्या ज्योतिषाकडून पत्रिका तपासून घेऊन ‘आमच्याकडे जुळतेय’ असं कळवणारी माणसं मी पाहिलीत. समोरच्याने मान राखून बंद केलेलं दार ते धक्का मारून उघडायला जातात. तू एवढंच लिही, ‘कळवल्याबद्दल आभार, संगमनेरला आलात तर घरी अवश्य या.’

आणि होकार आला, तर पहिला फोन तुझ्या यजमानांनी भाऊसाहेबांना करावा, भेटीची जागा त्यांना ठरवू द्यावी. तुमच्याकडून लेक धरून चारच माणसं जा. गाडीत जागा आहे म्हणून काकांना बसवू नकोस.