मामाच्या लग्नाची रजा

मराठी माध्यमाच्या शाळेत मी बरीच वर्षं वर्गशिक्षिका होते. तुळशीचं लग्न झालं की मुलांचे रजेचे अर्ज सुरू होत. त्यातला एक अर्ज सांगते, कारण त्यात जे सुटलं होतं तेच बहुतेक मुलांच्या अर्जांत सुटतं.

दहावीतल्या एका मुलीच्या सख्ख्या मामाचं लग्न सांगलीला होतं. तिनं वहीच्या पानावर लिहून दिलं, ‘घरगुती कारणामुळे मला 2 दिवस सुट्टी मिळावी.’ तारखा नव्हत्या, पालकांची सही नव्हती. लग्न रविवारी, 8 फेब्रुवारीला. पण घरचं लग्न म्हणजे आदल्या दिवशी देवक आणि हळद, दुसऱ्या दिवशी सत्यनारायण आणि मग परतीचा प्रवास. ती मंगळवारपर्यंत तिकडेच राहिली आणि मंगळवारी तिच्या गटाची विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. 20 गुणांची.

बुधवारी ती हातावरच्या मेंदीसकट रडत आली. “बाई, आई म्हणाली होती, लग्नाचं लिहिलं तर सर सोडणार नाहीत.” घराघरांत हाच समज असतो. शेवटचा गट गुरुवारी होता, म्हणून तिला त्यात बसवता आलं. मात्र प्रात्यक्षिकं संपवून गुण पाठवायची मुदत बोर्ड ठरवतं. ती उलटली की शाळेच्या हातात फारसं काही राहत नाही.

तिनं कारण स्पष्ट लिहिलं असतं तर आठ दिवस आधीच तिचा गट बदलता आला असता. मुख्याध्यापकांना सख्ख्या मामाचं लग्न समजतं. ‘घरगुती कारण’ वाचून मात्र काय करावं ते त्यांना कळत नाही. तापाचं खोटं कारण तर त्याहून वाईट. जास्त दिवस गेले की डॉक्टरांचा दाखला मागितला जातो आणि पुढे खरंच आजारपण आलं तर त्या मुलावर कुणी विश्वास ठेवत नाही.

मग तिच्यासाठी योग्य अर्ज कसा असता? असा:

प्रति,
मा. मुख्याध्यापक
(वर्गशिक्षिकांमार्फत)

विषय : मामाच्या लग्नासाठी 3 दिवस रजा मिळण्याबाबत

महोदय,
मी इयत्ता दहावी ‘ब’ची विद्यार्थिनी आहे. माझ्या सख्ख्या मामाचे लग्न रविवार, 8 फेब्रुवारी रोजी सांगली येथे आहे. त्यासाठी शनिवार 7, सोमवार 9 आणि मंगळवार 10 फेब्रुवारी हे 3 दिवस मी शाळेत येऊ शकणार नाही. बुधवार, 11 फेब्रुवारीला हजर राहीन. मंगळवारी माझ्या गटाची विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. मला गुरुवारच्या गटात बसण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

आपली आज्ञाधारक,
(नाव, हजेरी क्रमांक, सही)
पालकांची सही व फोन क्रमांक

यात शाळेच्या दिवसांच्या तारखा एकेक लिहिल्या आहेत. ‘7 ते 10’ लिहिलं की मधला रविवार धरायचा की नाही, यावरून घोळ होतो. परतीचा दिवसही लिहिलाय, कारण शिक्षक हजेरीपत्रकात त्या दिवसाची वाट पाहतात. आणि परीक्षेबद्दलची विनंती तर या अर्जाचा गाभाच आहे. रजा मागताना आपण काय चुकवणार आहोत हे विद्यार्थ्यानं स्वतःच सांगितलं, की मुख्याध्यापकांना त्यावर तिथल्या तिथे शेरा मारता येतो. म्हणून अर्ज लिहिण्याआधी परीक्षेचं वेळापत्रक आणि पत्रिका शेजारी ठेवून बघा. अर्ज आठवडाभर आधी द्या, वर्गशिक्षकांच्या हातात द्या आणि मंजुरीचा शेरा पडलेल्या अर्जाचा फोटो काढून ठेवा.

पालकांना एक गोष्ट फार कळकळीनं सांगावीशी वाटते. मंजूर रजा म्हणजे हजेरी नव्हे. परवानगी मिळाली तरी हजेरीपत्रकात ते दिवस गैरहजेरीतच मोजले जातात आणि दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी बोर्डाची 75 टक्के उपस्थितीची अट असते. एका लग्नानं ती मोडत नाही. पण दिवाळीनंतरची सहल, आजारपण, गावची जत्रा आणि त्यावर दोन लग्नं, असं साचत जातं. रजा मागण्याआधी वर्गशिक्षकांना आतापर्यंतची टक्केवारी विचारा. ते सांगतील.

आणि मुख्याध्यापकांनी पूर्ण रजा नाकारली तर लगेच हिरमुसून जाऊ नका, कमी दिवस मागा. देवक आणि हळद लग्नघरी हवीच असते, सत्यनारायण मात्र एखाद्या मुलावाचून होतो. रविवारी संध्याकाळी सांगलीहून कुणीतरी परत येणारं असतंच. त्यांच्याबरोबर मुलाला पाठवा. तसं असेल तर अर्जात एकाच शनिवारची रजा मागावी लागते, आणि ती कोणतेही मुख्याध्यापक नाकारतील असं मला वाटत नाही.