आधण, मीठ आणि दाताची साक्ष

पोरी, मिलानला निघालीस. बॅगेत छोटा कुकर घेतलास, मेतकूट घेतलंस, बरं केलंस. पण संध्याकाळी दमून खोलीवर येशील तेव्हा हाताशी असेल तो सुका पास्ताच. मी तोरिनोत राहायला गेले तेव्हा पहिले कितीतरी महिने पास्ता मऊ भातासारखा शिजवला: लहान पातेलं, चिमूटभर मीठ आणि गिच्च होईपर्यंत आच. वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी एकदा तो चाखला, काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून आपल्या ओट्यापाशी उभं केलं. 'अल देंते' म्हणजे दाताला लागेल असा, हे मला तिथे कळलं. त्या ओट्यापाशी जे शिकले ते हे.

पाणी

1. 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी घे, आणि एका माणसाला 80 ते 100 ग्रॅम पास्ता पुरे — पाणी भरपूर असलं की पास्ता पडल्यावर उकळी फार वेळ बसत नाही आणि सुटलेली पिठी पाण्यात पांगते. पाण्यात काटकसर, ताटात लगदा.

2. आधण झाकून ठेव, पण पास्ता पडला की झाकण काढ — झाकणाने उकळी लवकर येते खरी, पण पिठूळ पाण्यावर तेच झाकण राहिलं की फेस चढतो आणि शेगडी पुसत बसावं लागतं.

3. पास्ता सोडल्यावर पहिली दोन मिनिटं तिथेच उभी राहा आणि लाकडी चमच्याने तळापासून ढवळ — याच वेळी वरची पिठी फुलून डिंकासारखी चिकट होते. ती पाण्यात उतरली की मग अधूनमधून ढवळलं तरी चालतं. पहिल्या दोन मिनिटांचं दुर्लक्ष म्हणजे शेवटपर्यंतची गुठळी.

4. पाण्यात तेल घालू नकोस, कुणीही सांगितलं तरी — तेल वर तरंगतं, बुडालेल्या पास्त्याला त्याचा उपयोग नाही. गाळताना मात्र ते अंगाला लागतं आणि मग सॉस धरत नाही.

5. खोलीवर लहानच पातेलं असेल तर निम्म्या पाण्यातही पास्ता होतो, फक्त ढवळणं दुप्पट कर आणि मीठ पाण्याच्या मापाने घाल, पास्त्याच्या नाही — पाणी निम्मं आणि मीठ पूर्ण घातलंस तर ताट खारट होईल.

मीठ

6. लिटरला 10 ग्रॅम मीठ. तिथल्या दुकानात यासाठी 'साले ग्रोसो' नावाचं जाडं मीठ मिळतं, आणि आपलं बारीक मीठ असेल तर दीड सपाट चहाचा चमचा धर — सुका पास्ता नुसता रवा आणि पाणी यांचा असतो, आणि शिजताना तो जे पाणी पितो त्यातूनच मीठ त्याच्या आत पोचतं. आतलं मीठ घासाला पुरतं, वरचं मीठ जिभेवरच थांबतं.

7. 'समुद्रासारखं खारट कर' असं कुणी म्हणालं तर मान डोलाव, पण करू नकोस — समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असतं; तुझं पाणी चाखताना नीट मीठ पडलेल्या साराची आठवण झाली की पुरे.

8. सॉसमध्ये पेकोरीनो चीज किंवा खारवलेली अँचोवी असेल त्या दिवशी लिटरला 7 ग्रॅमवर थांब — खारटपणा दोन्हीकडून आला तर मागे फिरायला वाट नसते.

9. मीठ उकळीत घाल, थंड पाण्यात नको, आणि थोडं थोडं घाल — थंड पाण्यात ते तळाशी बसून स्टीलला बारीक खड्डे पाडू शकतं, आणि खळखळत्या पाण्यात एकदम मूठ टाकलीस तर फेस उसळून हात भाजेल.

वेळ

10. पाकिटावर 'कोत्तुरा' शब्दापुढे मिनिटं दिलेली असतात. ती वाच, आणि त्याच्या दोन मिनिटं आधीपासून एकेक तुकडा चावून बघ — कंपनी बदलली की जाडी बदलते आणि जाडीबरोबर वेळही. घड्याळ हाक मारतं, निकाल दातच देतो.

11. वेळ लांबीने नव्हे, जाडीने ठरते हे लक्षात ठेव: केसासारख्या कापेल्लीनीला जेमतेम 3 मिनिटं, स्पगेत्तीला 8 ते 10, पेन्ने आणि फुसिल्लीला 10 ते 12, जाड नळीच्या रिगातोनीला 12 ते 14 — पाणी बाहेरून आत झिरपत जातं, त्यामुळे त्याला किती खोल जायचंय यावर सगळं अवलंबून.

12. फुलपाखराच्या आकाराचा फार्फाल्ले मधल्या चुणीपाशी चावून बघ, पंखापाशी नाही — पंख आधी शिजतात आणि चुणीत दुहेरी जाडी असते. पंख बघून उतरवलंस तर मध्यभागी करकर लागेल.

13. तुकडा चावल्यावर त्याचा कापलेला भाग डोळ्यांसमोर धर: पांढरा ठिपका मोठा असेल तर अजून कच्चा, टाचणीच्या टोकाएवढा असेल तर बरोबर, मुळीच नसेल तर वेळ टळली — हा ठिपका म्हणजे पाणी न पोचलेला रवा, आपल्या भातातली कणी. तिथे त्याला 'आनिमा', म्हणजे आत्मा, म्हणतात.

उतरवताना

14. चाळणीला हात लावण्याआधी वाटीभर पेज काढून ठेव — त्या पिठूळ पाण्याने टोमॅटोचं पाणी आणि तेल एकजीव होतं. आधी वाटी, मग चाळणी.

15. सॉसमध्ये परतायचा असेल तर दात 'अजून दोन मिनिटं' म्हणेल तेव्हाच उतरव — गरम पास्ता शिजायचा थांबत नाही, आणि ती शेवटची दोन मिनिटं त्याने पाण्याऐवजी सॉस प्यायला हवा.

16. गाळल्यावर थंड पाण्याखाली धुऊ नकोस, सॅलडचा गार पास्ता तेवढा सोडून — धुतलं की सॉस धरणारी पिठी निघून जाते.

17. सुट्टीत इथे आलीस आणि आईला करून घालायचा असेल तर पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलाय का ते बघ — आपला बन्सी गहू त्याच जातीचा. त्याचा रवा शिजतानाही घट्ट राहतो. मैद्याच्या पास्त्याची कणी जाईपर्यंत बाहेरून लगदा होतो.

आता एक संध्याकाळ मांडून दाखवते. तू आणि मैत्रीण, 160 ग्रॅम स्पगेत्ती, पाकिटावर 9 मिनिटं. 1.6 लिटर आधण, त्यात 16 ग्रॅम मीठ, आणि शेजारी कढईत लसूण-टोमॅटो मंद आचेवर. पास्ता मोडू नकोस. टोकं बाहेर राहिली तरी अर्ध्या मिनिटात मऊ होऊन आपणच आत वाकतात. सातव्या मिनिटाला एक धागा चाव. ठिपका टाचणीच्या टोकाहून जरा मोठा दिसेल. वाटीभर पेज काढ, चिमट्याने पास्ता थेट कढईत घे, दोन पळ्या पेज घाल आणि आच मोठी करून दोन मिनिटं परत. सॉस धाग्यांना धरला आणि तळाशी पाणी सुटलं नाही की झालं.

मैत्रिणीला मात्र आधीच पानावर बसव. माणूस पास्त्यासाठी थांबतो, पास्ता माणसासाठी थांबत नाही.