सोनोग्राफीत जेली कशासाठी?

घरात कोणाची पोटाची सोनोग्राफी झाली असेल तर तुम्ही ऐकले असेल की, डॉक्टर आधी पोटावर थंडगार जेली लावतात आणि मग त्यावरून प्रोब फिरवतात. पुष्कळांना वाटते की प्रोब सहज सरकावा म्हणून ही जेली असते. ते खरे आहे, पण अर्धेच. जेली नसेल तर पडद्यावर पोटातले काहीच दिसणार नाही. असे का होते, हे अकरावी-बारावीच्या गणिताने आपण काढू शकतो.

ध्वनिसंरोध म्हणजे काय?

सोनोग्राफीत प्रोबमधून श्राव्यातीत ध्वनीचे छोटे छोटे स्पंद शरीरात सोडतात. पोटाच्या तपासणीसाठी त्यांची वारंवारता साधारण ३५ लाख हर्ट्झ असते. वाटेत दोन वेगळ्या ऊतींची सीमा आली की ध्वनीचा काही भाग परततो आणि उरलेला पुढे जातो. परत आलेल्या प्रतिध्वनीवरून यंत्र चित्र काढते.

किती भाग परतेल, हे प्रत्येक माध्यमाच्या एका गुणधर्मावर ठरते. त्याला ध्वनिसंरोध म्हणतात. माध्यमाची घनता ρ आणि त्यातील ध्वनीचा वेग c यांचा गुणाकार म्हणजे ध्वनिसंरोध Z.

Z = ρc

घनता किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि वेग मीटर प्रति सेकंद घेतला की Z चे एकक रेल येते. लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाच्या नावावरून हे नाव पडले.

मेदाची, म्हणजे चरबीची, घनता सुमारे ९५० आणि त्यातील ध्वनीचा वेग सुमारे १४५० आहे. गुणाकार येतो सुमारे १३.८ लाख रेल. स्नायूची घनता १०७० आणि वेग १५९० धरला तर Z सुमारे १७ लाख रेल होतो. पाण्याचा Z १४.८ लाख आणि हाडाचा सुमारे ७८ लाख आहे. आता हवा पाहा. घनता १.२, वेग ३४०, म्हणजे Z केवळ ४०८ रेल. बाकी सगळे लाखांत आणि हवा शेकड्यांत! पुढचे सारे या फरकातूनच निघते.

परावर्तित भागाचे सूत्र

ध्वनी सीमेवर लंबरूप पडला तर त्याच्या ऊर्जेचा परत येणारा भाग R असा असतो :

R = [(Z₂ − Z₁) / (Z₂ + Z₁)]²

दोन्ही Z सारखे असतील तर R शून्य होतो, म्हणजे ध्वनीला सीमा जाणवतच नाही. वर्ग असल्यामुळे ध्वनी कोणत्या बाजूने आला याने R बदलत नाही. Z₁ व Z₂ यांची अदलाबदल करून हे पडताळून पाहा.

उदाहरण १ : मेद आणि स्नायू

फरक १७ − १३.८ = ३.२ लाख आणि बेरीज ३०.८ लाख. एकके व 'लाख' दोन्ही छेदले जातात. भागाकार ०.१०४ येतो व त्याचा वर्ग ०.०१०८. म्हणजे १.०८ टक्के ध्वनी परततो आणि जवळजवळ ९९ टक्के पुढे जातो.

वर्ग करायचे विसरलात तर उत्तर १०.४ टक्के येईल. परीक्षेत या गणितात सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

एक टक्का फार थोडा वाटतो, पण सोनोग्राफीला हवे असते ते नेमके हेच. प्रतिध्वनी क्षीण असला तरी यंत्र तो वर्धित करू शकते, आणि पुढच्या सीमांसाठी बराच ध्वनी शिल्लक राहतो.

उदाहरण २ : स्नायू आणि हाड

फरक ६१, बेरीज ९५, भागाकार ०.६४२, वर्ग ०.४१. येथे ४१ टक्के ध्वनी परततो. जो आत शिरतो तो हाडात लवकर शोषला जातो. म्हणून पडद्यावर हाडाच्या जागी ठळक पांढरी रेषा आणि तिच्याखाली काळी सावली दिसते. पित्ताशयातील खडाही डॉक्टर बहुधा अशाच सावलीवरून ओळखतात.

उदाहरण ३ : हवा आणि शरीर

आता जेली लावली नाही असे समजू. प्रोब आणि त्वचा यांच्यामध्ये हवेचा थर राहील. त्वचेसाठी सोयीने स्नायूचाच Z घेऊ. फरक १६,९९,५९२ आणि बेरीज १७,००,४०८. भागाकाराचा वर्ग ०.९९९०४ येतो. म्हणजे ९९.९ टक्के ध्वनी त्वचेवरूनच मागे फिरला. हवेतून आलेल्या दहा लाख भागांपैकी केवळ ९६० भाग शरीरात शिरले. ते सगळेच्या सगळे आतून परत आले असे धरले, तरी बाहेर पडताना तीच सीमा पुन्हा ओलांडावी लागते आणि हवेत एक भागसुद्धा येत नाही. चित्र काढणार कशाचे?

जेली हवेला हुसकावून तिची जागा घेते. जेलीत मुख्यतः पाणी असते, म्हणून पाण्याचा Z वापरू. फरक २.२, बेरीज ३१.८, वर्ग ०.००४८. आता अर्धा टक्काच परततो आणि साडेनव्व्याण्णव टक्के आत जातो.

१९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत डेन्व्हर येथे डग्लस हाउरी यांनी जे यंत्र बनवले होते, त्यात तपासणीसाठी माणसाला पाण्याच्या टाकीत बसवत. कारण हेच. त्या टाकीचे काम आज चमचाभर जेली करते.

पोटातली हवा

हवा शरीराच्या आत असली तरी सूत्र तेच. आतड्यातील वायूवर ध्वनी आदळला की त्यामागचा अवयव दिसत नाही. म्हणून ओटीपोटाच्या तपासणीपूर्वी भरपूर पाणी पिऊन मूत्राशय भरायला सांगतात. भरलेले मूत्राशय आतड्यांना बाजूला सारते आणि त्यातील द्रवातून ध्वनी सहज जातो. वडीलधाऱ्यांनी ही सूचना टाळू नये, नाहीतर पुन्हा खेप पडते.

जेलीत बुडबुडा राहिला तरी चित्रात वरपासून खालपर्यंत काळा पट्टा उमटतो. जेली वाढवून प्रोब नीट टेकवला आणि पट्टा गेला, तर दोष हवेचा होता. पट्टा आतल्या एखाद्या ठळक रेषेपासून सुरू होत असेल आणि तसाच राहत असेल, तर कारण शरीरात आहे.

सूत्राची मर्यादा

हे सूत्र गुळगुळीत, मोठ्या आणि लंबरूप सीमेसाठी आहे. सीमा तिरपी असेल तर ध्वनी आरशावरच्या प्रकाशासारखा दुसरीकडे जातो आणि प्रोबपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच डॉक्टर प्रोब सारखा कलता करून पाहतात. यकृताच्या आतला बारीक दाणेदार पोत अगदी लहान रचनांवरून विखुरलेल्या ध्वनीमुळे दिसतो. तो या सूत्राने काढता येत नाही.

सरावासाठी

१. यकृताचा Z १६.५ लाख व मूत्रपिंडाचा १६.२ लाख रेल आहे. त्यांच्या सीमेवरून किती टक्के ध्वनी परतेल?

२. रक्ताचा Z १६.१ लाख व स्नायूचा १७ लाख रेल धरून तेच काढा.

उत्तरे : १. ०.००८४ टक्के. २. ०.०७४ टक्के.

पहिले उत्तर पाहून एक प्रश्न पडायला हवा. इतक्या अल्प प्रतिध्वनीत मूत्रपिंडाची कडा पडद्यावर स्पष्ट कशी दिसते? कारण यकृत आणि मूत्रपिंड एकमेकांना थेट चिकटलेले नसतात. मध्ये मूत्रपिंडाचे आवरण आणि थोडा मेद असतो. मेद आणि यकृत यांच्या सीमेचे गणित करून पाहा, म्हणजे उत्तर सापडेल.