हीपच्या पोरांचे पत्ते

हीप सॉर्ट लिहायला बसलास की आधी एक बघ. समोर जे पुस्तक उघडलंयस, त्यातला ॲरे कुठून सुरू होतो? विल्यम्सने १९६४ साली हीप सॉर्ट मांडला आणि त्याच वर्षी फ्लॉइडने हीप खालून वर बांधायची सोपी रीत दिली. तेव्हापासून पुस्तकांतला हीप बहुतेक १ पासूनच मोजला जातो. आपल्याकडे इंजिनिअरिंगची पोरं 'कॉर्मेन' म्हणतात त्या जाडजूड पुस्तकातही तसंच आहे. तिथे i या जागेचा लेफ्ट चाइल्ड `2i`, राइट चाइल्ड `2i+1`, आणि मर्यादेची तुलना `<=` ने. तुझी सी, जावा, पायथन मात्र ० पासून मोजते. तिथे पोरांचे पत्ते `2i+1` आणि `2i+2`, आणि ॲरेची लांबी हातात असेल तर तुलना `<` ने.

हे तुला माहीत आहे, मला ठाऊक आहे. सगळ्यांनाच माहीत असतं. तरी चूक होते, कारण बदल एका ठिकाणी करायचा नसतो. पोरांचे पत्ते, हीप बांधणाऱ्या लूपची सुरुवात आणि मर्यादेची तुलना, ही तीन माणसं एकाच गाडीने निघाली पाहिजेत. पुस्तकातलं काहीही न बदलता जसंच्या तसं उतरवलंस तर फारसं बिघडत नाही. जावा किंवा पायथन पहिल्याच फेरीत `a[n]` मागते आणि तिथेच कोसळते, तुला लगेच कळतं. सीमध्ये प्रोग्राम कोसळेलच असं नाही. पहिला आकडा जागचा हलत नाही आणि ॲरेच्या पलीकडचं काहीतरी आत येऊन बसतं, पण छापलेलं नीट पाहिलं तर तेही दिसतं. खरा त्रास अर्धवट बदललेल्या कोडचा. हे बघ:

```python
def heapify(a, n, i):
    l, r, m = 2*i, 2*i + 1, i
    if l < n and a[l] > a[m]: m = l
    if r < n and a[r] > a[m]: m = r
    if m != i:
        a[i], a[m] = a[m], a[i]
        heapify(a, n, m)

def heap_sort(a):
    n = len(a)
    for i in range(n//2 - 1, -1, -1):
        heapify(a, n, i)
    for k in range(n - 1, 0, -1):
        a[0], a[k] = a[k], a[0]
        heapify(a, k, 0)
```

इथे मर्यादा बरोबर आहे, लूपची सुरुवातही ० वाल्या ॲरेला शोभेल अशी आहे. फक्त पोरांचे पत्ते जुने राहिलेत. आता याला सहा आकडे दे, दहा दे, आठ दे. दर वेळी उत्तर बरोबर येईल. योगायोगाने नाही बरं का, समसंख्येने आकडे दिलेस तर हे कोड कधीच चुकत नाही. म्हणूनच ही चूक परीक्षकाच्या नजरेतून सुटते आणि पुढे कुणाच्या तरी माथी बसते.

का चुकत नाही, ते कागदावर झाड काढून बघ. ० चा लेफ्ट चाइल्ड `2*0`, म्हणजे पुन्हा ० च. स्वतःच स्वतःचं पोर! पण स्वतःशी तुलना करून कुणी मोठा ठरत नाही, त्यामुळे ती ओळ निमूट पुढे जाते. ० चा राइट चाइल्ड १. मग १ ची पोरं २ आणि ३, २ ची ४ आणि ५, असं पुढे. म्हणजे रूटला एकच पोर आणि त्याच्याखाली व्यवस्थित हीप. आकार जरा विचित्र, पण प्रत्येकाला पॅरेंट आहे आणि कुणी वाऱ्यावर सुटलेलं नाही. असल्या झाडावरही हीप सॉर्ट चालतो, फार तर एक पायरी जास्त उतरावी लागते.

मग बिघडतं कुठे? लूपच्या सुरुवातीला. या विचित्र झाडात पोर असलेली शेवटची जागा `(n-1)//2` असते. n सम असेल तर ती नेमकी `n//2 - 1` येते, म्हणजे जिथून लूप सुरू होतो तीच. n विषम असेल तर ती एकाने पुढे असते. त्या जागेला एकच पोर असतं, ॲरेतला शेवटचा आकडा, आणि त्या दोघांची गाठ लूप सुरुवातीला घालूनच देत नाही.

तीन आकड्यांवर हे हाताने करून बघ. आकडे आधीच क्रमाने लावलेले घे: १, २, ३. लूप फक्त ० वर चालतो. १ या जागेवरचा २ हा वरच्या १ पेक्षा मोठा, म्हणून अदलाबदल: २, १, ३. आता खाली आलेल्या १ चं पोर २ या जागेवर, तिथे ३ बसलाय, तो मोठा. पुन्हा अदलाबदल: २, ३, १. काम संपलं असं कोड समजतं. पण रूटवर २ आणि त्याच्याखाली ३, हा हीपच नाही. दुसऱ्या टप्प्यात रूटवरचा २ सगळ्यांत मोठा समजून शेवटी ठेवला जातो आणि तिथेच कायमचा बसतो. शेवटी हाती येतं १, ३, २. क्रमाने लावलेली यादी दिली आणि बिघडवून परत मिळाली. एक ते पाच दिलेस तर १, २, ५, ३, ४ येतं.

आता तेच तीन आकडे बाकीच्या क्रमांनी देऊन बघ. सहा क्रम होतात. त्यांतल्या ज्या दोनांत ३ शेवटी आहे, तेच चुकतात. उरलेले चार बरोबर येतात. म्हणून सांगतो, हीप सॉर्ट तपासताना आपल्याला आवडते ती विस्कटलेली यादी देऊ नकोस. विषम संख्येने आकडे घे आणि सगळ्यांत मोठा शेवटी ठेव. आधीच क्रमात असलेली यादी तर द्यायचीच. पोरांना वाटतं, लावलेलंच काय लावायचं. पण ही चूक तिथेच उघडी पडते.

याच चुकीचं एक भावंड आहे, तेही ओळखून ठेव. काही जण heapify रिकर्शनने न लिहिता `while` ने लिहितात: दोन पोरांतलं मोठं निवडायचं, वरचा त्यापेक्षा मोठा असेल तर थांबायचं, नाहीतर अदलाबदल करून खाली उतरायचं. तिथे पत्ते जुने राहिले आणि थांबायची अट `>` अशी कडक असली, तर ० वर आल्यावर ० चं मोठं पोर ० च ठरू शकतं. तो स्वतःपेक्षा मोठा नसतो, म्हणून थांबत नाही. स्वतःशीच अदलाबदल करून पुन्हा ० वरच येतो. प्रोग्राम लटकतो, पंखा घोंघावू लागतो. हीप सॉर्ट लटकला की मी आधी ० चा लेफ्ट चाइल्ड किती येतो तेच बघतो.

आता मर्यादेकडे ये. समज, पोरांचे पत्ते दुरुस्त केलेस, `2*i + 1` आणि `2*i + 2`. पण तुलना `<=` राहिली आणि n मात्र लांबीच आहे. बरेच जण म्हणतील, एकच जागा जास्त वाचली जाईल, प्रोग्राम कोसळेल, कळेल. पहिल्या टप्प्यात कोसळेल, कधी कधी. दुसऱ्या टप्प्यात मात्र कोसळणारच नाही, कारण तिथे n दर फेरीला कमी होतो आणि `a[n]` ही जागा ॲरेच्या आतच असते. तिथे कोण बसलेलं असतं? नुकताच बाहेर काढून ठेवलेला सगळ्यांत मोठा आकडा. heapify तिथवर पोचली की त्याला बघते, मोठा म्हणते आणि उचलून पुन्हा हीपमध्ये नेते. जेवून उठलेला माणूस पुन्हा पंगतीत.

९, ५, ७ दे. हीप आधीच बरोबर आहे. ९ शेवटी गेला: ७, ५, ९. आता हीप दोनाचा, पण `<=` मुळे २ ही जागाही पोर धरली जाते. ९ मोठा, म्हणून परत वर: ९, ५, ७. पुढच्या फेरीत ९ आणि ५ ची अदलाबदल होते, ५, ९, ७, आणि तोच प्रकार होऊन पुन्हा ९, ५, ७. यादी जशी दिली तशीच परत आली, एकही एरर न येता. आणि ५, ९, ७ दिलेस तर पायथन लगेच `IndexError` देते, कारण ५ खाली उतरल्यावर तिथून `a[3]` मागितला जातो. एकच कोड, तेच तीन आकडे, एकदा गप्प आणि एकदा बोंब. सगळ्यांत मोठा आकडा उत्तरात पहिल्या जागी दिसला की पत्ते तपासत बसू नकोस, सरळ मर्यादा बघ.

यावर माझी सवय अशी: heapify ला जे देतोस ते लांबी आहे की शेवटचा इंडेक्स, ते नावातच लिही. लांबी असेल तर `size` आणि `<`. शेवटचा इंडेक्स असेल तर `last` आणि `<=`. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण दुसरी निवडलीस तर दुसऱ्या टप्प्यात `k` नाही, `k - 1` द्यावा लागतो. मला स्वतःला `size` बरी वाटते, कारण ती `len` शी जुळते.

दोष कुठल्या टप्प्यात आहे ते कळायला, हीप बांधून झाल्यावर आणि दुसरा टप्पा सुरू व्हायच्या आधी एक ओळ टाक:

```python
assert all(a[(k-1)//2] >= a[k] for k in range(1, n))
```

इथे अडकला तर पत्ते किंवा लूपची सुरुवात चुकलीय. इथून पार झाला आणि तरी उत्तर चुकलं, तर बहुधा मर्यादा. वरच्या १, २, ३ वर ही ओळ लगेच अडते. पण ती पार झाली म्हणून पत्ते बरोबर आहेत असं धरू नकोस. जुन्या पत्त्यांवर १, २, ३, ४ दिलेस तर हीप ४, ३, १, २ असा बनतो आणि तो या तपासणीतून निसटतो.

पत्ते बदलायचेच नसतील तर तीही सोय आहे. सेजविक आणि वेन यांच्या पुस्तकातल्या हीप सॉर्टमध्ये सगळा हिशोब १ पासूनचाच आहे, `2*k`, `n/2` पासून १ पर्यंत, `<=` सुद्धा. फक्त ॲरेला हात लावणारी दोन छोटी फंक्शन्स, तुलना करणारं आणि अदलाबदल करणारं, तेवढी इंडेक्समधून एक वजा करतात. वजाबाकी दोनच ठिकाणी राहते. पुस्तकातून बघून लिहिणाऱ्याला हे जास्त सुरक्षित, असं माझं मत.

शेवटी तपासणी. एक ते सात लांबीच्या याद्या घे आणि प्रत्येकीचे सगळे क्रम `itertools.permutations` ने चालव. मिळून ५९१३ होतात, क्षणात संपतात. प्रत्येक उत्तर `sorted` शी ताडून बघ. नुसतं चढत्या क्रमात आहे का एवढंच बघू नकोस, कारण सीमध्ये पलीकडचा आकडा आत आला आणि आपला एक बाहेर गेला तरी क्रम चढताच दिसू शकतो. सीमध्ये असशील तर `-fsanitize=address` लावून बांध, म्हणजे `a[n]` ला हात लागला की प्रोग्राम ओळ क्रमांकासकट सांगेल. ओळ दिसायला `-g` सोबत दे.